उद्या वाचणार नसू, तर वर्कशीट आज पाठवू नये
(पालकसभेत एका मुख्याध्यापिकेने केलेलं भाषण)

पालकहो, नमस्कार.

गृहपाठाबद्दल शाळेकडे दोन तऱ्हेच्या चिठ्ठ्या येतात आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट असतात. एक पालक लिहितात, रोज इतक्या वर्कशीट येतात की जेवण होईपर्यंत मूल मान वर काढत नाही. त्याच वर्गातले दुसरे पालक लिहितात, शाळेच्या वर्कशीट पुरत नाहीत, म्हणून आम्ही सरावाचं पुस्तक आणून रोज चार पानं करून घेतो. शाळा हे का करत नाही? दोन्ही चिठ्ठ्या काळजीपोटी लिहिलेल्या असतात, हे मला ठाऊक आहे. पण दोन्हींमध्ये वर्कशीट मोजली जाते ती संख्येनं: किती आल्या, किती झाल्या, किती राहिल्या. मला आज त्याच्या पुढचं विचारायचं आहे. पूर्ण होऊन शाळेत परत आलेल्या वर्कशीटचं पुढे काय होतं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला त्यावर तपासून पाहता येईल. जी वर्कशीट दुसऱ्या दिवशी शिक्षक वाचणार नाहीत, ती आदल्या दिवशी घरी पाठवू नये. किती प्रश्न असावेत, किती वेळ लागावा, घरी मदत किती करावी, गुण द्यावेत की नाही, या सगळ्याची उत्तरं मला याच एका अटीतून निघताना दिसतात. कशी, ते एका वजाबाकीवरून दाखवते.

तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी शिकवून झाली आहे. वीस उदाहरणांची वर्कशीट घरी गेली आहे. त्यातल्या चौदा उदाहरणांत हातचा लागत नाही, सहांत लागतो. एक मुलगी ती सोडवायला बसते. ६८ − २५ तिनं ४३ असं बरोबर लिहिलं. मग ५२ − २७ आलं आणि तिनं ३५ लिहिलं. तिनं काय केलं पाहा. दशकाच्या घरात पाचातून दोन गेले, तीन उरले. एककाच्या घरात वर दोन आणि खाली सात आहेत. तिला आपणच शिकवलेलं असतं की लहान संख्येतून मोठी संख्या जात नाही. म्हणून तिनं सातातून दोन वजा केले आणि पाच लिहिले. हा निष्काळजीपणा नव्हे. मोठ्यांनी दिलेला नियम तिनं मनापासून पाळला आणि त्या नियमानं तिला चुकीच्या उत्तरापर्यंत नेलं. सहाही उदाहरणांत ती हेच करणार, कारण तिच्या मते हीच पद्धत आहे.

आता गुण मोजा. हातचा न लागणारी चौदा बरोबर, सहा चूक. वीसपैकी चौदा. वर्कशीटवर १४/२० असा शेरा पडतो आणि घरी, शाळेत दोन्हीकडे आपण म्हणतो, ठीक आहे, थोडा सराव वाढवू. प्रत्यक्षात जो भाग शिकवायचा होता, म्हणजे दशक मोडून सुटे करणं, त्यात तिला सहापैकी शून्य मिळाले आहेत. उरलेले चौदा गुण तिला आधीच येत असलेल्या गोष्टीचे आहेत. वाढवलेला सराव तिला काय देईल? तीच चूक आणखी वीस वेळा करण्याची सवय.

मुलांच्या वजाबाकीतल्या चुका अशा पद्धतशीर असतात, हे शिक्षणाच्या अभ्यासकांना बऱ्याच काळापासून माहीत आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये याच विषयावर एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की मुलांची चुकीची उत्तरं पुष्कळदा अंदाजपंचे लिहिलेली नसतात. मूल एक नीट पद्धत पाळत असतं, फक्त त्या पद्धतीत एखादी पायरी बिघडलेली असते. कोणती पायरी बिघडली हे कळलं, तर पुढच्या उदाहरणात मूल काय उत्तर लिहील तेही बऱ्याच वेळा आधी सांगता येतं.

म्हणूनच चुकीचं उत्तर मला मौल्यवान वाटतं. ते कसं वाचायचं, याचं आणखी एक उदाहरण फळ्यावर लिहिते: ३०४ − १२८. बरोबर उत्तर १७६. वर्गातून मात्र साधारण तीन वेगळी चुकीची उत्तरं येतात. काही मुलं २२४ लिहितात. ती आपल्या त्या मुलीसारखी, प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणारी. काही मुलं १८६ लिहितात. त्यांना शतक मोडायचं हे कळलेलं आहे. एका शतकाचे दहा दशक झाले, त्यातला एक दशक मोडून एककांना दिला, इथवर सगळं नीट आहे. पण दशकाच्या घरात आता दहा नाहीत, नऊच उरले, हे लिहायचं राहिलं. तोच एक दशक दोन्हीकडे मोजला गेला, म्हणून उत्तर बरोबर दहानं जास्त आलं. आणि काही मुलं ८६ लिहितात. एकक कमी पडले तेव्हा शेजारी शून्य होतं, म्हणून त्यांनी शून्य ओलांडून शतकाच्या घरातला एक उचलला आणि थेट एककांत दहा म्हणून टाकला. शंभर घेतले, दहा दिले. मग दशकासाठी पुन्हा एक शतक मोडलं, ते मात्र नीट. मधले नव्वद कुठेतरी हरवले, आणि १७६ आणि ८६ यांतलं अंतर बरोबर नव्वद आहे.

पालकहो, या तिन्ही मुलांच्या वहीवर एकच लाल फुली पडते, पण त्यांना हवी असलेली मदत पूर्ण वेगळी आहे. १८६ लिहिणाऱ्या मुलाजवळ शिक्षकांनी दोन मिनिटं बसून, दहातला एक दिल्यावर किती उरले, एवढं विचारलं तरी पुष्कळदा काम होतं. ८६ लिहिणाऱ्या मुलाला शतक, दशक, एकक यांतली देवाणघेवाणच पुन्हा हातानं करून पाहावी लागते. २२४ लिहिणाऱ्या मुलीला तर त्याही मागे, ५२ − २७ पाशी न्यावं लागतं. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यासमोर ठेवायच्या आणि म्हणायचं, मला यातून सत्तावीस दे. दोन सुट्यांतून सात देता येत नाहीत, हे तिच्या हातांना कळतं, आणि गठ्ठा सोडण्याची गरज तिची तिलाच जाणवते. हा दहा-पंधरा मिनिटांचा धडा आहे. तो कोणाला द्यायचा हे शिक्षकांना कळावं, यासाठी वर्कशीट घरी गेली होती.

आता घरी काय होतं त्याकडे येते. ज्या घरात आई किंवा बाबा शेजारी बसलेले असतात, तिथे ३५ दिसताच त्यांना राहवत नाही. ते म्हणतात, "अगं, दोनातून सात कसे जातील? शेजारून एक घे, बारा झाले, बारातून सात गेले पाच. आणि इकडे चार राहिले, चारातून दोन गेले दोन. लिही पंचवीस." मुलगी खोडरबरानं ३५ पुसते आणि २५ लिहिते. पुढची पाच उदाहरणंही अशीच होतात. दुसऱ्या दिवशी वर्कशीट वीसपैकी वीस घेऊन शाळेत येते. शिक्षक ती पाहतात, समाधानानं सही करतात आणि पुढच्या पाठाकडे वळतात. मुलीच्या डोक्यात मात्र जुनी पद्धत शाबूत आहे. तिच्या कागदावरून तेवढी ती पुसली गेली. पुढे ३०४ − १२८ येईल तेव्हा घर आणि शाळा दोघांनाही धक्का बसेल, की येत होतं ते विसरली कशी?

ती विसरलेली नाही. तिला ते आलंच नव्हतं आणि ते सांगणारा एकमेव कागद आपण प्रेमानं दुरुस्त करून टाकला. शिवाय "शेजारून एक घे" या वाक्यात तो एक म्हणजे दहा आहेत, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाते. घरच्या मदतीत अशी वाक्यं फार असतात, कारण आपण सगळे ही वजाबाकी इतक्या वर्षांपूर्वी शिकलो की तिची कारणं आपल्यालाही आठवत नाहीत, फक्त हालचाल आठवते. तुम्हाला दोष देण्यासाठी हे बोलत नाही. शिकवणं हे आमचं काम आहे आणि ते रात्री तुमच्या गळ्यात पडू नये, असं मला वाटतं. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पालकांना स्वतःला गणिताची भीती वाटत होती, त्यांनी मुलांना गृहपाठात वारंवार मदत केली, तिथे मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्या मनात भीती जास्त बसली. मदत क्वचितच केली गेली तिथे असा परिणाम दिसला नाही. ज्यांना गणिताची भीती वाटते त्यांनी मुलापासून दूर राहावं, असा याचा अर्थ मी लावत नाही. पण रोज रात्री वर्कशीट पूर्ण करून घेण्याची जबाबदारी त्यांच्यावर शाळेनं टाकू नये, एवढं मला त्यातून नक्की दिसतं.

म्हणून घरच्या मदतीबद्दल माझी विनंती अगदी छोटी आहे. मूल वर्कशीट सोडवताना खोडरबर बाजूला ठेवायला सांगा. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहू दे. आधीचं उत्तर आम्हाला दिसलं पाहिजे. तुम्हाला विचारावंसं वाटलं तर दोन प्रश्न विचारा. पहिला, "हे कसं केलंस, मला सांग बघू." दुसरा, "उलट मिळवून बघ, मूळ संख्या येते का?" पस्तीस आणि सत्तावीस मिळवले तर बासष्ट येतात, बावन्न येत नाहीत, हे मुलीला स्वतःला दिसलं तर ती एक तर नव्यानं विचार करेल किंवा अडेल. अडली तर अडू द्या. आणि तुम्ही एखादं उदाहरण समजावून सांगितलंच, तर त्याच्या शेजारी "म" असं एक अक्षर लिहा. म म्हणजे मदत. त्या अक्षरामुळे मुलाचं काहीही कमी होणार नाही, आणि आम्हाला मात्र कळेल की हे उत्तर त्याच्या एकट्याचं नाही.

त्यासाठी शाळेनंही एक गोष्ट सोडली पाहिजे, ती म्हणजे घरी सोडवलेल्या वर्कशीटला गुण देणं. गुण आले की चूक लपवण्याला बक्षीस मिळतं. पालक दुरुस्त करतात, मुलं एकमेकांची उतरवतात, आणि या सगळ्यात सर्वांत जास्त तोटा होतो तो ज्या मुलाच्या घरी संध्याकाळी शेजारी बसायला कोणी नाही त्याचा. त्याच्या कागदावर खऱ्या चुका असतात, म्हणून त्याला कमी गुण मिळतात. एकाच वर्गात, एकच गोष्ट न आलेल्या दोन मुलांपैकी एकाला वीस आणि एकाला चौदा. हे गुण मुलांचे राहत नाहीत, त्यांच्या घरांचे होतात. आपल्या शाळेत यापुढे घरच्या वर्कशीटचे गुण कोणत्याही निकालात धरले जाणार नाहीत. अपूर्ण वर्कशीटसाठी शिक्षाही होणार नाही.

आता वर्कशीट किती मोठी असावी? इथे मी शिक्षकांच्या बाजूनं बोलणार आहे. वर्गात चाळीस मुलं धरा. वीस उदाहरणांची वर्कशीट म्हणजे आठशे उत्तरं. एका उत्तराकडे पाच सेकंद पाहिलं, तरी चार हजार सेकंद, म्हणजे एक तास सहा-सात मिनिटं. एका वर्गाची, एका विषयाची, एका दिवसाची. कोणताही शिक्षक हे रोज करू शकत नाही. मग एक तर फक्त सही होते, नाहीतर मुलांनी आपसांत वह्या बदलून तपासायचं ठरतं. दोन्हींत २२४ आणि ८६ यांतला फरक कोणाच्याच नजरेस पडत नाही. सहा उदाहरणं असतील तर दोनशे चाळीस उत्तरं होतात, वीस मिनिटांत पाहून होतात. आणि ती सहा नीट निवडली असतील, तर वीसांपेक्षा जास्त सांगतात.

नीट निवडणं म्हणजे काय? त्याच पाठासाठी मी अशी सहा घेईन. ६८ − २५, म्हणजे साधी वजाबाकी येते याची खात्री. मग ५२ − २७, जिथे एकदाच हातचा लागतो. मग ६० − ३४, कारण शून्यातून वजा करायची वेळ आली की काही मुलं सरळ शून्य लिहितात आणि त्यांचं उत्तर ३० येतं. मग ३०४ − १२८, फक्त वर्गात तशी उदाहरणं होऊन गेली असतील तर. पाचवं शाब्दिक, आणि त्यात बेरीज करायची की वजाबाकी हे मुलानं ठरवायचं. सहाव्यात लिहिलेलं असेल, "एका मुलानं ५२ − २७ = ३५ असं लिहिलं. त्याचं कुठे चुकलं ते दोन ओळींत सांग." शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत प्रिय आहे. ज्या मुलाला दशक मोडणं खरंच समजलं आहे तोच ते दोन ओळींत सांगू शकतो, आणि कोणाचं उतरवून लिहिलेलं असेल तर ओळींवरून लगेच कळतं.

शाब्दिक उदाहरणाबद्दल थोडं अधिक सांगते, कारण बाजारातल्या सराव-पुस्तकांचा मोठा दोष तिथेच आहे. पानाच्या डोक्यावर "वजाबाकी" असं छापलेलं असतं आणि खाली वीस वजाबाक्या. काय करायचं हे शीर्षकानंच सांगितलं, त्यामुळे मूल प्रश्न वाचतही नाही, दोन संख्या शोधतं आणि वजा करतं. परीक्षेत आणि आयुष्यात प्रश्नांवर शीर्षक नसतं. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे लक्षात घेण्यासारखा आहे. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एका प्रकारची सगळी उदाहरणं संपवून मग दुसऱ्या प्रकाराची केली, काहींनी सगळे प्रकार मिसळून केले. सराव चालू असताना पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर होती, दुसऱ्याची ६० टक्केच. आठवड्यानंतर चाचणी घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि मिसळून सराव केलेला गट ६३ टक्क्यांवर टिकला. मोठ्या विद्यार्थ्यांवरचे आकडे तिसरीला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे मान्य. पण एकसारख्या उदाहरणांचं पान भराभर बरोबर सुटतं तेव्हा दिसणारं यश फसवं असू शकतं, हा धडा आम्ही वर्गात रोज पाहतो. म्हणून आमच्या सहा उदाहरणांत निदान एक-दोन मागच्या आठवड्यातली, मागच्या महिन्यातली असतील. "हा धडा तर कधीच झाला, वर्कशीटमध्ये का आला?" असं तुम्हाला वाटलं तर तो मुद्दाम आला आहे असं समजा.

वेळेचं सांगते. गृहपाठावरच्या अभ्यासांचा सर्वांत जास्त उल्लेख होणारा आढावा हॅरिस कूपर यांचा आहे, पहिला १९८९ चा आणि नंतर सहकाऱ्यांसोबत २००६ चा. त्यांना माध्यमिक वर्गांत गृहपाठ आणि अभ्यासातलं यश यांचा संबंध स्पष्ट दिसला. प्राथमिक वर्गांत तो फारच क्षीण होता, जवळजवळ नसल्यासारखा. इयत्ता गुणिले दहा मिनिटं, म्हणजे तिसरीला सगळे विषय मिळून अर्धा तास, ही सोपी मर्यादाही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. लक्षात घ्या, ही कमाल मर्यादा आहे, एवढा वेळ भरलाच पाहिजे असं नाही. आपण तिच्याही आत राहू. पहिली-दुसरीला घरी वर्कशीट जाणार नाही. त्यांना गोष्टी वाचून दाखवा, त्यांच्याकडून ऐका. तिसरी ते पाचवीला दिवसाला एकच वर्कशीट, पंधरा मिनिटांची, आठवड्यातून तीन दिवस. सहावीपासून रोज दोन विषयांच्या, मिळून चाळीस मिनिटांच्या आत. वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवशीच्या गृहपाठाची एकूण मिनिटं लिहिलेली असतील. गणिताच्या बाईंनी पंचवीस लिहिली तर भाषेच्या सरांना पंधरा उरतात, हे त्यांना दिसलं पाहिजे. प्रत्येक विषय स्वतःपुरता थोडाच गृहपाठ देतो आणि मुलाच्या दप्तरात मात्र सगळ्यांची बेरीज जाते, असं आजवर होत आलं आहे.

वेळ संपली की काय करायचं? घड्याळात पंधरा मिनिटं झाली की जिथे मूल थांबलं असेल तिथे आडवी रेघ मारा, खाली सही करा आणि दप्तर बंद करा. तिसरीतला एक मुलगा पंधरा मिनिटांत सहापैकी तीनच करू शकला, ही माहिती आम्हाला हवी आहे. कदाचित त्याला १३ − ७ अजून बोटांवर मोजावं लागतं, म्हणून प्रत्येक उदाहरण लांबतं. त्याचा इलाज वेगळा आहे; तो दीड तास बसून सहाही उदाहरणं करून आला तर ते आम्हाला कधीच कळणार नाही.

आणि सकाळी शाळेत काय होईल तेही तुम्हाला माहीत असावं. शिक्षक वर्कशीटचे तीन गठ्ठे करतील: ज्यांना आलं ते, ज्यांच्याकडून एकच चूक पुन्हा पुन्हा झाली ते, आणि ज्यांना कळलेलंच नाही ते. तासाची पहिली दहा मिनिटं त्यातल्या एखाद्या चुकीवर जातील, नाव न घेता. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांसोबत शिक्षक त्याच दिवशी वेगळे बसतील. ज्या आठवड्यात सहल असेल, परीक्षा असेल, शिक्षक रजेवर असतील, त्या आठवड्यात वर्कशीट वाचून होणार नाहीत, म्हणून त्या जाणारही नाहीत. तेव्हा शाळा ढिली पडली असं कृपया समजू नका.

आता तुमच्या शंकांकडे. गृहपाठ कमी झाला की मूल तो वेळ मोबाइलवर घालवेल, असं पुष्कळ जण म्हणतात. ही काळजी मी हलकी मानत नाही. पण मोबाइलपासून दूर ठेवण्यासाठी वर्कशीट द्यायची म्हटलं, तर ती वेळ भरण्याचं साधन होते, आणि मूलही तिला तसंच वागवू लागतं: पटकन उरकून टाकायची गोष्ट. मोबाइलचा प्रश्न घरानं मोबाइलच्या नियमानंच सोडवावा लागेल. दुसरी शंका खरी अवघड आहे. सरावाशिवाय गणित येत नाही, मग सहा उदाहरणांनी काय होणार? सराव लागतोच. पाढे, वीसच्या आतल्या बेरजा-वजाबाक्या यांचं पाठांतर तोंडी, रोज थोडं थोडं झालंच पाहिजे, आणि ते आम्ही वर्गात करून घेऊ. ज्या मुलाला पद्धत बरोबर आली आहे त्याला आणखी उदाहरणं करायला आवडत असेल तर जरूर करू दे. मात्र पद्धत चुकीची असताना सराव थांबवला पाहिजे, आणि ती बरोबर आहे की चूक हे सहा उदाहरणं वाचल्याशिवाय कोणालाच कळत नाही. म्हणून आधी वाचणं, मग सराव, हा क्रम मी सोडणार नाही. भाषेतल्या गाळलेल्या जागा भरण्याच्या वर्कशीट तर मला जवळजवळ बंदच करायच्या आहेत. जागा भरून मुलाला वाक्य लिहिता येत नाही. त्याऐवजी पाच ओळी स्वतःच्या मनानं लिहिलेल्या मला पुरेशा आहेत.

हे सगळं चालतं की नाही, ते कसं ओळखायचं? त्याचीही सोय केली आहे. दर महिन्याच्या शेवटी, घरी गेलेल्या वर्कशीटसारखीच सहा उदाहरणं, आकडे बदलून, मुलं वर्गात कोणाच्याही मदतीशिवाय सोडवतील. शिक्षक दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहतील. घरचा कागद बरोबर आणि वर्गातला चुकीचा असं पुष्कळ मुलांचं दिसलं, तर घरी मदत जास्त होते आहे किंवा उतरवलं जातं आहे. तेव्हा आम्ही त्या वर्गाच्या पालकांशी पुन्हा बोलू. दोन्ही कागदांवर तीच चूक दिसली, तर वर्कशीट वाचली गेली पण तिच्यावर शिकवलं गेलं नाही, आणि मग प्रश्न मी शिक्षकांना विचारायचा आहे. घरी चुकलेलं महिन्याच्या शेवटी वर्गात बरोबर यायला लागलं, तरच ही पद्धत आपण पुढच्या सत्रात ठेवू. हे दोन्ही कागद पुढच्या पालकसभेत तुमच्या हातात दिले जातील. त्या सभेत मला गुणांबद्दल विचारू नका. तुमच्या मुलाची कोणती चूक गेली आणि कोणती अजून आहे ते विचारा, आणि आम्हाला ते सांगता आलं नाही तर जाब मागा.